कॅश घेणारा आणि नोंद करणारा एकच असेल तर काय करावं?

प्रश्न: आमची एफएमसीजीची छोटी एजन्सी आहे. दुकानदारांकडून आलेली वसुली एकच क्लार्क घेतो, पावती तोच फाडतो, टॅलीत एंट्रीही तोच करतो. सीए म्हणतात हे धोक्याचं आहे. पण रोज संध्याकाळी मी स्वतः कॅश मोजतो आणि ती बुकाशी जुळते. मग धोका कुठे आहे? आणि आणखी माणूस ठेवणं परवडत नाही, तर काय करता येईल?

उत्तर:

कॅश जुळते म्हणजे फक्त एवढंच की जेवढी लिहिली तेवढी गल्ल्यात आहे. जेवढी आली तेवढी लिहिली का, हे मोजणीतून कळतच नाही. लिहिणारा आणि घेणारा एकच असेल तर तो आधी किती लिहायचं ते ठरवतो आणि तेवढीच रोकड पेटीत ठेवतो. तुम्ही त्याचंच उत्तर त्याच्याच उत्तराशी ताडून पाहताय.

उदाहरण घेऊ. सोमवारी किराणावाल्याने १८,००० रुपये रोख दिले. क्लार्कने पावती दिली, पैसे खिशात घातले, एंट्री केली नाही. बुधवारी बेकरीवाल्याने २५,००० दिले. त्यातले १८,००० किराणावाल्याच्या खात्यावर जमा दाखवले आणि ७,००० बेकरीच्या. संध्याकाळी तुम्ही मोजलं तर २५,००० बरोबर. शनिवारी हॉटेलवाल्याचे ३०,००० आले. त्यातून बेकरीचे राहिलेले १८,००० भरले आणि उरलेले १२,००० हॉटेलच्या नावावर टाकले. पेटीत ३०,०००, बुकात ३०,०००. एकही दिवस कॅश चुकली नाही, तरी तुमचे १८,००० गेलेले आहेत. ते रोकडीत दिसत नाहीत, येणे बाकीत लपून बसलेत, फक्त दर आठवड्याला दुकान बदलतंय. ऑडिटर याला लॅपिंग किंवा टीमिंग अँड लेडिंग म्हणतात.

हे फिरवत ठेवायला रोज हजर राहावं लागतं, कारण एक दिवस दुसऱ्याने खतावणी उघडली की साखळी तुटते. म्हणून कधीही रजा न घेणारा कॅशियर हे कौतुकाचं नव्हे, बघण्याचं लक्षण आहे. बँकांमध्ये संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवायचा नियम रिझर्व्ह बँकेने घातलाय, तो याचसाठी. तुमच्याकडे आठवडाभराची रजाही पुरेल. अट एकच, त्या काळात त्याचं काम दुसऱ्याने खरंच करायचं. साठवून ठेवलं तर काही उपयोग नाही.

क्लार्कला ही फिरवाफिरवी कायमची संपवायची असेल तर तो १८,००० ची क्रेडिट नोट टाकेल, स्कीमचा डिस्काउंट दाखवेल, किंवा 'वसूल होत नाही' म्हणून बाकी बुडीत लिहील. म्हणून कॅशला हात लावणाऱ्याकडे क्रेडिट नोट, डिस्काउंट आणि राइट-ऑफ यांचा अधिकार अजिबात नको. लोक कॅश आणि एंट्री वेगळी करतात आणि हे दार उघडं ठेवतात. माझ्या मते छोट्या धंद्यात सगळ्यात आधी बंद करायची गोष्ट हीच आहे, कारण तिला एक रुपया खर्च नाही. टॅलीत त्याला वेगळा युजर द्या, क्रेडिट नोट आणि जर्नल बंद करा, व्हाउचर बदलणं आणि खोडणं बंद करा, मागच्या तारखेची एंट्री एक-दोन दिवसांपलीकडे जाऊ देऊ नका. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडेच.

आता माणसं. नवीन कुणी लागत नाही, कामं वाटून घ्यावी लागतात. वसुलीच्या पैशाला हात लावणं, त्याची नोंद करणं, आणि दोन्ही जुळवून पाहणं, ही तीन कामं एका हातात यायला नकोत, एवढंच तत्त्व. सेल्समन दुकानात पावती फाडेल. गोडाऊनवाला (किंवा तुमच्या घरातलं कुणी) सेल्समनसमोर नोटा मोजून नोटांचा तपशील लिहील आणि दोघं सही करतील. पैसे तिजोरीत जातील. क्लार्ककडे नोटा येणारच नाहीत, फक्त पावत्यांच्या कार्बन कॉपी येतील आणि तो त्यावरून पार्टीवार एंट्री करेल. सकाळी तीच रोकड, जशीच्या तशी, बँकेत.

'जशीच्या तशी' याला महत्त्व आहे. वसुलीतूनच चहा, हमाली, टेम्पोचं भाडं द्यायला सुरुवात झाली की जमा आणि भरणा कधीच जुळत नाही आणि कुठलाही फरक 'खर्च झाला' म्हणून पचतो. किरकोळ खर्चासाठी वेगळी पेटी ठेवा, समजा ५,००० ची. कधीही उघडली तरी उरलेली रोकड आणि बिलं मिळून ५,००० व्हायला हवेत. बिलं बघूनच तुम्ही ती पुन्हा भरायची.

पावती पुस्तकं छापील क्रमांकाची, आणि कुठलं पुस्तक कधी कुणाला दिलं याची नोंद तुमच्याकडे. रद्द पावतीच्या सगळ्या प्रती पुस्तकातच राहायला हव्यात. दुकानदाराची प्रत नाही आणि 'रद्द' लिहिलंय, तर त्या दुकानाला फोन करा.

तुमच्या वाट्याला आठवड्यातून अर्ध्या तासाची तपासणी येते. कार्बन कॉपीतल्या कुठल्याही पाच-सहा पावत्या काढा आणि तारीख, पार्टी, रक्कम खात्याशी लावून बघा. नुसती बेरीज बघू नका, बेरीज तर वरच्या उदाहरणातही बरोबरच होती. सोमवारची पावती बुधवारी जमा दिसली, किंवा २५,००० ची पावती असताना खात्यावर ७,००० दिसले, तर तिथेच थांबा. चेकचंही तसंच: स्लिपच्या काउंटरफॉइलवर बेकरीचा २५,००० चा चेक आणि खात्यात रक्कम दोन पार्ट्यांत विभागलेली, याला सरळ कारण सहसा नसतं. बँक स्टेटमेंट क्लार्कने काढून दिलेलं नको, स्वतःच्या लॉगिनने बघा. प्रिंटमध्ये आकडे बदलता येतात.

तीन महिन्यांतून एकदा मोठ्या पार्ट्यांना बाकी कळवून खात्री करून घ्या. मेसेज तुमच्या मोबाइलवरून जाऊ द्या आणि उत्तरही तिथेच येऊ द्या. क्लार्कच्या नंबरवर 'आम्ही तर सोमवारीच दिले' असं उत्तर आलं तर ते तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. काउंटरवरचा यूपीआयचा क्यूआर अधूनमधून स्वतः स्कॅन करून नाव बघत जा. तिथे दुसऱ्याचं स्टिकर चिकटवलेलं असेल तर पैसा तुमच्या खात्यात येतच नाही.

या सगळ्यात एक फट राहतेच. सेल्समनने पावतीच न देता पैसे घेतले तर कार्बन नाही, एंट्री नाही, जुळवायला काही नाही. तिथे कामाला येतो तो फक्त दुकानदार. म्हणून प्रत्येक जमा रकमेचा मेसेज ऑफिसमधून त्याच दिवशी दुकानदाराला जाऊ द्या आणि बिलावर छापा की पावतीशिवाय दिलेली रक्कम धरली जाणार नाही. सेल्समन आणि मोजणारा दोघं मिळाले तर मात्र कामं कितीही वाटा, फरक पडत नाही. दोघांची जोडी दर काही महिन्यांनी बदलत राहा.