पेंटच्या बिलावर अर्धी कटिंग झाली असेल तर

अरे, गाडीच्या विम्याच्या क्लेममध्ये पेंटचे अर्धे पैसे कापले असतील तर आधी त्या डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे पैसे मिळाले, आता काही मागणं नाही असं लिहून द्यायच्या कागदावर, फुल अँड फायनल म्हणून सही करू नकोस, विमा कंपनीला मेल टाक आणि सर्व्हेअरच्या रिपोर्टची कॉपी असेसमेंट शीटसकट माग, तुझा हक्कच आहे तो. पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे घसारा न कापायचं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिक बंपरवर ५० टक्के कापणारच, त्यावर भांडून उपयोग नाही. पण पेंटची ओळ नीट बघ. पेंटमध्ये ५० टक्के घसारा फक्त मटेरियलवर लागतो, मजुरीवर नाही, आणि बिल एकत्र असेल तर मटेरियल २५ टक्के धरायचं असं पॉलिसीतच छापलेलं असतं. आमच्या खारघरच्या शेजाऱ्यांचं पेंटचं बिल १२,००० होतं, म्हणजे मटेरियल ३,०००, कटिंग १,५००, आणि सर्व्हेअरने सरळ ६,००० कापलेले! हाच हिशोब गॅरेजच्या बिलासोबत कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला लेखी पाठव, रिव्ह्यू माग, नुसतं फोनवर बोलत बसू नकोस. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.