पातेलंभर डाळ लवकर कशी निववायची?

प्रश्न: ठाण्यात राहतो. रात्रीची पातेलंभर डाळ निवायला तीन-चार तास लागतात. गरम फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणतात, मग काय करायचं?

उत्तर: डाळ पातेल्यात निवायला ठेवूच नका. स्टीलच्या दोन-तीन पसरट डब्यांत जेमतेम दोन इंच थर होईल एवढी ओता. परातीत पाणी आणि भरपूर बर्फ घेऊन त्यात डबे ठेवा आणि अधूनमधून पळीने तळापासून ढवळा. बर्फ हवाच; मे महिन्यात टाकीतून येणारं पाणी मुळात कोमट असतं. बहुतेक वेळा अर्ध्या तासात डबा हाताला गार लागतो. मग फ्रीजमध्ये ठेवा, डबे एकावर एक न रचता, झाकण किंचित उघडं. पूर्ण गार झाल्यावर झाकण लावा.

घाई यासाठी की काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि डाळ कोमट झाली की वाढू लागतात. म्हणून 60 अंशांवरून 21 पर्यंत दोन तासांत, तिथून 5 पर्यंत पुढच्या चार तासांत, असा नियम आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात स्वयंपाकघरच तिशीच्या वर असतं, त्यामुळे ओट्यावरची डाळ 21 ला कधीच पोचत नाही. वासावर जाऊ नका, बिघाड दर वेळी कळत नाही.

भाताला हेच लागू, तिथे तर तयार झालेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.