निवडणुकीआधीचा व्याजदर : निबंध लिहिणाऱ्यांचे तीन प्रश्न

प्रश्न : राजकीय व्यापारचक्रावरच्या, म्हणजे निवडणुकीआधी अर्थव्यवस्थेला तात्पुरती चालना दिली जाते या कल्पनेवरच्या, माझ्या निबंधात नुसत्या व्याख्याच झाल्या आहेत. एकच उदाहरण द्यायचं तर कोणतं?

अमेरिकेतलं 1972 चं घ्या. रिचर्ड निक्सन 1960 ची निवडणूक थोडक्यात हरले तेव्हा मंदी चालू होती, आणि ती येणार असं अर्थतज्ज्ञ आर्थर बर्न्स यांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. निक्सन ते विसरले नाहीत. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1970 मध्ये त्यांनी बर्न्स यांनाच फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षपदी बसवलं आणि पैसा सैल सोडा म्हणून त्यांच्यामागे तगादा लावला. ही बोलणी व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींवर आहेत. 1971 च्या उन्हाळ्यात बर्न्स सरकारच्या धोरणाविरुद्ध बोलू लागले, तर त्यांना स्वतःचाच पगार वाढवून हवाय अशी खोटी बातमी व्हाइट हाउसमधून पेरली गेली. दबाव असाही येतो, हे निबंधात जरूर लिहा.

फेडचा अल्पमुदतीचा व्याजदर ऑगस्ट 1971 मध्ये साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता, तो फेब्रुवारी 1972 पर्यंत साडेतीनच्याही खाली आला. दरम्यान सरकारने पगार आणि किमती गोठवल्या होत्या, त्यामुळे महागाई दिसत नव्हती. नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी 50 पैकी 49 राज्यं जिंकली. 1972 मध्ये महागाई तीन टक्क्यांच्या जरा वर होती, 1974 मध्ये अकरावर गेली. स्वस्त पैशाने रोजगार आधी वाढतो, किमती वर्ष-दीड वर्षाने चढतात, आणि मतदान या दोन्हींच्या मधे उरकतं. तुमच्या व्याख्येचा गाभा हाच आहे.

प्रश्न : पण 1973 मध्ये तेल महागलं होतं ना? मग दोष बर्न्स यांचा कसा?

अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं ते ऑक्टोबर 1973 मध्ये. महागाई त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, सात टक्क्यांच्या पुढे होती. त्यात अन्नधान्याच्या भाववाढीचा मोठा हात होता, तेव्हा सगळं खापर फेडवर फोडू नका. शिवाय पगार-किमतींवर नियंत्रण आणलं की महागाई आवरेल, असं बर्न्स यांना स्वतःलाच वाटत होतं. दबाव किती आणि चुकीची समजूत किती, हे वेगळं काढता येत नाही. तसंच लिहा, त्याने निबंध कमकुवत होत नाही.

प्रश्न : फेब्रुवारी 2019 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी केला. हे आपल्याकडचं उदाहरण म्हणून चालेल?

पुरावा म्हणून नाही चालणार. दर 6.50 वरून 6.25 वर आला तेव्हा महागाई दोन टक्क्यांच्या आसपास होती आणि लक्ष्य चार टक्क्यांचं होतं. निवडणूक नसती तरी कपात समर्थनीय ठरली असती. दबावाचा मुद्दा मांडायचाच असेल तर आधीचे महिने बघा. ऑक्टोबर 2018 मध्ये डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी बँकेच्या स्वायत्ततेवर जाहीर भाषण केलं आणि डिसेंबरमध्ये गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. तो वाद मुख्यतः बँकेचा राखीव निधी आणि अडचणीतल्या बँकांवरचे निर्बंध यांवरून होता. नुसता रेपो दर बघत बसलात तर तो दिसणारच नाही.