कार्ड मशीनचे पैसे कमी का जमा होतात?

प्रश्न: माझं छोटं भांड्यांचं दुकान आहे. काल मशीनवर चार कार्डं स्वाइप झाली, एकूण १८,४०० रुपये. आज खात्यात १८,१८६.५४ आले. हे पैसे कोण कापतं, आणि ते गिऱ्हाइकाकडून घेता येतात का?

हे पैसे तुम्हीच भरता. मशीन देणारी बँक किंवा कंपनी ते तुमच्या रकमेतून आधीच वळते करून घेते. त्याला एमडीआर म्हणतात. त्यातला मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला आणि उरलेला मशीनवाल्याला.

कापलेले २१३.४६ रुपये १८,४०० ने भागले की १.१६ टक्के येतात. मीही सुरुवातीला असंच भागून बँकेत भांडायला गेलो होतो. पण हा दर करारात कुठेच सापडणार नाही, कारण प्रत्येक कार्डाचा दर वेगळा असतो. मशीनवाल्याच्या ॲपवरून सेटलमेंट रिपोर्ट काढा आणि ओळ न् ओळ बघा. तुमची चार कार्डं कोणती होती ते मला ठाऊक नाही, पण तुमच्या आकड्याला जुळेल असा हिशेब मांडून दाखवतो.

समजा, पहिलं रुपे डेबिट कार्ड होतं, ३,००० रुपयांचं. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिटवर एमडीआर शून्य आहे, त्यामुळे पूर्ण ३,००० जमा. दुसरं व्हिसा डेबिट, १,८०० चं. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला डेबिट कार्डावर मशीनने जास्तीत जास्त ०.४० टक्के लावता येतात, म्हणजे इथे ७.२० रुपये. व्यवहार २,००० च्या आत असल्याने या शुल्कावर जीएसटी नाही. तिसरंही व्हिसा डेबिट, पण ५,००० चं. एमडीआर २० रुपये, आणि २,००० च्या वर गेल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी, ३.६० रुपये. जीएसटी शुल्कावर लागतो, विक्रीवर नाही, एवढं ध्यानात असू द्या.

खरा खड्डा चौथ्या कार्डाने पाडला. ते क्रेडिट कार्ड, ८,६०० चं. क्रेडिट कार्डाला रिझर्व्ह बँकेने कमाल दर ठरवून दिलेला नाही, करारात जो लिहिला तो. १.८० टक्के धरला तर १५४.८० एमडीआर आणि २७.८६ जीएसटी. चारही मिळून एमडीआर १८२ रुपये, जीएसटी ३१.४६. झाले की २१३.४६.

आता माझी चूक ऐका. माझी उलाढाल २० लाखांच्या आत होती, पण अर्ज भरणाऱ्या पोराने मला वरच्या गटात टाकलं. तिथे डेबिटची मर्यादा ०.९० टक्के आहे. म्हणजे ५,००० च्या डेबिटवर २० ऐवजी ४५ रुपये जात होते, आणि पाच महिने मला पत्ता नव्हता. कळलं ते असंच, रिपोर्टमधली एक डेबिटची ओळ घेऊन शुल्काला रकमेने भागलं तेव्हा. तुम्हीही एकच ओळ भागून बघा. ०.४० च्या वर आलं तर उलाढालीचा पुरावा जोडून लेखी अर्ज द्या. मला गट बदलून मिळाला, मागचे पैसे मात्र अर्धेच परत आले.

गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत. डेबिटवर एमडीआर गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय. क्रेडिटचं काय, ते तुमच्या करारात बघा. माझ्या करारात तरी साफ मनाई आहे. ‘कार्डाला दोन टक्के जादा’ असा कागद चिकटवणारे दुकानदार दिसतात खरे, पण एखाद्या गिऱ्हाइकाने बिलाचा फोटो काढून तक्रार केली की मशीन जाऊ शकतं. मी कुकरच्या भावातच हे धरून ठेवतो आणि कोणी रोख देतो म्हणालं तर घासाघिशीत थोडं सोडतो.

आणखी एक. काही ठिकाणी पूर्ण १८,४०० जमा होतात आणि शुल्क महिन्याअखेर एकदम कापतात. तुमचं तसं नाही, रोजच्या रोज कापून येतं. मशीनचं भाडं मात्र वेगळं, त्यावरही जीएसटी. रात्री मशीनवर बॅच, म्हणजे त्या दिवसाच्या व्यवहारांचा हिशेब, बंद करायची राहिली तर त्या दिवसाची रक्कम पुढच्या दिवसात मिसळते आणि काहीच जुळत नाही. म्हणून तारखेवर न जाता रिपोर्टमधला यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतल्या प्रत्येक जमेला मिळणारा वेगळा क्रमांक, पासबुकातल्या नोंदीशी ताडून बघा.

वहीत विक्री १८,४०० च लिहा, १८,१८६.५४ नाही. एमडीआर खर्चात टाका. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर त्या ३१.४६ चं क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा होतात; त्यासाठी मशीनवाल्याकडे तुमचा जीएसटी नंबर नोंदवलेला हवा. उलाढालीवर ठरावीक टक्का भरायच्या कंपोझिशन योजनेत असाल तर ते मिळत नाही.