ती वेळ, तो वेळ आणि ट्रेचा आकार

प्रश्न : कोकणात आमचं छोटं हॉटेल आहे. खोल्यांत ठेवायचं रूम सर्व्हिसचं कार्ड मराठीत करतोय. ‘तयारीची वेळ : ४५ मिनिटे’, ‘ट्रेचा आकार : ५० रुपये’, ‘जेवणाची वेळ : रात्री ११ पर्यंत’, ‘लेट नाइट मर्यादित मेनू : सकाळी २ पर्यंत’ असं लिहिलंय. ‘ट्रेचा आकार’ वाचून मुलगा हसतो. तिथे ‘शुल्क’ करू का? बाकी ठीक आहे ना?

बाकी ठीक नाही. मुलगा चुकीच्या ओळीला हसतोय. हसायचं तर पहिल्या ओळीला हसावं, आणि ती ओळ एकट्या तुमची नाही. पाककृतींच्या व्हिडिओंत, घरपोच जेवणाच्या ॲपवर, तयार पिठाच्या पाकिटावर, जिथे तिथे ‘तयारीची वेळ अमुक मिनिटे’ वाचून माझं डोकं उठलं आहे.

वेळ ‘ती’ असते तेव्हा घड्याळातला एक ठरलेला क्षण असतो, आणि ‘तो’ असतो तेव्हा मधला अवधी. जेवणाची वेळ झाली, पण जेवायला वेळ लागला. गाडीची वेळ चुकली, पण गाडीत वेळ चांगला गेला. फावला वेळ असतो. फावली वेळ कोणी ऐकली आहे का? ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत ‘वेळ आला नव्हता’ म्हणून बघा, मरणाऐवजी रविवारची सुट्टी आठवेल. विभक्ती लावली की भेद आणखी उघडा पडतो. ‘वेळेत या’ म्हणजे ठरलेला क्षण टळायच्या आत या, ‘कमी वेळात या’ म्हणजे वाटेत रेंगाळू नका. थोड्या वेळाने, पण बरोबर वेळेला. ‘कधी?’ या प्रश्नाचं उत्तर स्त्रीलिंगी, ‘किती?’चं पुल्लिंगी. ४५ मिनिटं हे ‘किती?’चं उत्तर आहे, म्हणून तो वेळ. ‘तयारीची वेळ’ असेल तर ती सकाळी सातची असू शकते, आचारी कांदे चिरायला बसतो ती.

‘तयारी’ही मला इथे खटकते. आपल्याकडे तयारी आधी करून ठेवायची असते, परीक्षेची, लग्नाची, गणपतीची. स्वयंपाकघरात वाटण काढून ठेवणं, मासे साफ करून ठेवणं ही तयारी. पाहुण्याने फोन ठेवल्यावर सुरू होतो तो स्वयंपाक. शिवाय पाहुणा मिनिटं मोजतो ती फोन ठेवल्यापासून दार वाजेपर्यंत. तुमचा आचारी ३५ मिनिटांत मोकळा होत असेल आणि ट्रे मांडून दुसऱ्या मजल्यावर न्यायला १० लागत असतील, तर पाहुण्याच्या लेखी ४५ झाली. तेव्हा सरळ लिहा : ‘ऑर्डर दिल्यापासून खोलीत पोचायला सुमारे ४५ मिनिटं लागतात.’ ‘वेळ’ शब्दच नको, म्हणजे लिंग चुकायला नको.

काही कोशकार ‘वेळ’पुढे ‘पुंस्त्री’ असं लिहून हात झटकतात, जणू दोन्ही लिंगं म्हणजे बोलणाऱ्याची लहर. एका निवृत्त व्याकरणशिक्षकांनी तर मला ऐकवलं की हा ‘देशावर-कोकणात असा प्रांतभेद’ आहे. वा! म्हणजे एकाच वाक्यात ‘वेळ झाली, आता वेळ घालवू नको, दिलेला वेळ संपला’ म्हणणारी माझी आजी दर स्वल्पविरामाला घाट चढून-उतरून येत होती म्हणायची. हा प्रांतभेद नाही, अर्थभेद आहे.

आणि त्या भेदाच्या मुळाशी समुद्र आहे. तुम्ही कोकणातले, तुम्हाला तो खिडकीतून दिसतही असेल, म्हणून सांगतो. संस्कृतात ‘वेला’ ही स्त्री आहे. अमरकोशाचा नानार्थवर्ग तिचे तीन अर्थ एका दमात देतो : समुद्राच्या पाण्याचा चढउतार, काळ, आणि मर्यादा. तिच्या आणखी एका अर्थाशी, म्हणजे किनाऱ्याशी, हे तिन्ही जोडून बघा. पाणी जिथवर येतं आणि जिथून मागे फिरतं ती रेघ म्हणजे वेला. पाणी ठरल्या क्षणी येतं, म्हणून तीच वेळ. पाणी तिच्यापुढे जात नाही, म्हणून तीच मर्यादा. गोव्यात कोकणीत समुद्रकिनाऱ्याला ‘दर्यावेळ’ म्हणतात, ती हीच. त्यांच्याकडे तिची रेती शाबूत राहिली, आमच्याकडे नुसता घड्याळाचा काटा उरला.

आता माझं लाडकं मत. स्त्रीलिंगी वेळ ही अजून काठच आहे. ती ‘येते’, ‘टळते’, ‘साधते’, ‘चुकते’. माणूस काठाशी जे करतो तेच आपण तिच्याशी करतो. दोन काठांच्या मधलं पाणी मोजायला मराठीला वेगळं नाम हवं होतं, तेव्हा तिने शब्द तोच ठेवला आणि लिंग बदललं. शेजारी ‘काळ’ पुल्लिंगी होताच, त्याची संगत लागली असणार. म्हणून तो वेळ ‘जातो’, ‘लागतो’, ‘उरतो’, ‘पुरतो’, पाण्यासारखा. गुहागरजवळच्या वेळणेश्वराच्या नावातही मला हीच वेला ऐकू येते. तिथले लोक वेगळी व्युत्पत्ती सांगतील. सांगोत. देवळाच्या पुढ्यात समुद्र आहे एवढा पुरावा मला पुरतो.

म्हणून ‘वेळमर्यादा’ हा शब्द दिसला की मी हसतो. वेळ हीच मर्यादा, म्हणजे मर्यादेची मर्यादा झाली, पिवळा पीतांबर. ‘कालमर्यादा’ म्हणा, किंवा सरळ काय बंद होतं ते सांगा. तुमची तिसरी ओळ तिथेच अडखळते. ‘जेवणाची वेळ : रात्री ११ पर्यंत’, पण ११ पर्यंत काय? फोन करायचा, की ताट यायचं, की जेवून हात धुवायचा? ही चैन नाही, माझी एक रात्र यात उपाशी गेली आहे. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात अगदी असंच कार्ड होतं, जेवण ११ पर्यंत, तयारी ४५ मिनिटं. मी १०.५० ला फोन केला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘सर, किचन अकराला बंद होतं, तुमचं साडेअकरा ओलांडेल.’ गणित त्याचं बरोबर होतं, १०.५० आणि ४५ म्हणजे ११.३५. माझंही बरोबर होतं, १०.५० हे ११ च्या आत आहे. चूक कार्डाची होती. त्यांचं स्वयंपाकघर खरंच ११ ला मिटत असेल, तर पाहुण्याला सांगायचा काठ १०.१५ चा होता. तेव्हा तुमच्याकडे चूल ११ ला विझत असेल तर ‘जेवणाची शेवटची ऑर्डर रात्री १०.१५ ला’ असं लिहा. फोन ११ पर्यंत घेणार असाल तर आचाऱ्याला पावणेबारापर्यंत थांबवा आणि ‘११ पर्यंत ऑर्डर घेतली जाते’ म्हणा. ‘वेळ’ शब्दाआड दोन्ही लपवू नका.

‘सकाळी २’बद्दल काय बोलावं! इंग्रजी घड्याळाचा दिवस मध्यरात्री उजाडतो, आपला नाही. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात, पहाटेचे चार वाजतात, सकाळ उजाडल्यावर होते. आपला वारही सूर्योदयाला बदलतो. म्हणून ‘शनिवारी रात्री दोनपर्यंत’ म्हटलं की मराठी माणूस शुक्रवार संपून सुरू होणारे दोन मोजत नाही, शनिवार मावळल्यानंतरचे मोजतो. सुट्टीच्या दिवसांत रात्री दोनपर्यंतचे हे पदार्थ ठेवणार असाल तर या एका वाक्याने बरेच वाद वाचतील.

आणि ‘लेट नाइट’ला आपल्याकडे शब्द असताना तो उसना कशाला? अपरात्र! लोकांना वाटतं यातला ‘अप’ हा अपमान-अपशब्दातला, म्हणजे वाईट रात्र. तसं नाही. मूळ ‘अपररात्र’, रात्रीचा उत्तरार्ध. पूर्वरात्र संपली की अपररात्र. एक ‘र’ जिभेने गिळला आणि बदनामी उरली. ‘अपरात्री मिळणारे मोजके पदार्थ : रात्री ११ ते २’, यात ‘मर्यादित मेनू’चा सगळा अर्थ आला आणि वाचायला गोडही झालं. खाली पदार्थच लिहा, ऑम्लेट-पाव, दहीभात, चहा, जे असेल ते. ‘मर्यादित’ एवढंच लिहिलंत तर पाहुणा सुरमईच मागणार.

राहता राहिला ट्रे, जो तुम्ही विचारला होतात. ‘आकार’ हा शब्द अस्सल आहे, मुलाला सांगा. विजेच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असतो, तिथे तो ‘विजेचा शेप’ म्हणून हसत नाही ना? जमिनीच्या कागदांत आकारबंद असतो, सातबाऱ्यावर आकारणी असते. आकारणे म्हणजे अंदाज बांधून रक्कम ठरवणे. न दिसणाऱ्या देण्याला रूप देणे, असं मी तरी समजतो. अडचण शब्दाची नाही, षष्ठीची आहे. ‘ट्रेचा’ म्हटलं की ट्रेच्या लांबी-रुंदीचा वास येतो. वीज कंपनी ‘विजेचा आकार’ म्हणत नाही, ‘वीज आकार’ म्हणतं. तसं ‘ट्रे आकार’ करता येईल, पण मेनूवर, जिथे बाकी सगळं खाण्याच्या मापाचं आहे, तो तरीही फसेल. ‘शुल्क’ने काय साधतं? परीक्षेचा अर्ज भरल्यासारखं वाटतं. ‘खोलीत आणून देण्याचे ५० रुपये, दर ऑर्डरला एकदा’ लिहा. ‘दर ऑर्डरला’ हे महत्त्वाचं. ‘प्रति ट्रे’ लिहिलंत आणि सहा जणांच्या जेवणाला पोऱ्या दोन ट्रे घेऊन आला, तर शंभर रुपये कोणाच्या माथी?

‘सेवा शुल्क’ मात्र अजिबात लिहू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांना ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या नावानेही घेता येत नाही. तुमचे ५० रुपये त्यात बसतात की नाही हे वकिलाला विचारा, शब्दवाल्याला नको.