वडिलांचं पत्र पुरलं नाही, संचालक मंडळाचा ठराव न्या

प्रश्न : सातपूरला आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. अंबडच्या एका प्रायव्हेट कंपनीत तिचे 30 टक्के शेअर आहेत. आमच्याकडे वडील आणि काका असे दोनच संचालक. वडील सध्या ताईकडे परदेशात आहेत. मागच्या सभेला मी वडिलांच्या सहीचं पत्र घेऊन गेलो, तर "तुम्ही प्रॉक्सी आहात, बोलता येणार नाही" म्हणून गप्प बसवलं. आता नियमावली बदलायचा विशेष ठराव येतोय. बाकीचे पाचही भागधारक त्या बाजूने आहेत. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : या वेळी प्रॉक्सी म्हणून जाऊच नका. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 113 खाली तुमच्या कंपनीचे प्रतिनिधी म्हणून जा. प्रॉक्सी कलम 105 खाली येतो. त्याला सभेत बोलता येत नाही, हात वर करून मत देता येत नाही, गणपूर्तीतही तो धरला जात नाही. शिवाय त्याचा फॉर्म साधारणपणे सभेच्या 48 तास आधी द्यावा लागतो. प्रतिनिधीचं तसं नाही. कंपनी स्वतः माणूस असती तर जे करू शकली असती, ते सगळं तो करतो : प्रश्न विचारतो, हरकत घेतो, मत देतो. 48 तासांची अट त्याला कायद्याने लावलेली नाही.

मात्र हा अधिकार संचालक मंडळाच्या ठरावातूनच मिळतो. एका संचालकाचं पत्र, भले ते वडिलांचं असो, पुरेसं नाही. वडील परदेशात असले तरी अडत नाही. ठरावाचा मसुदा दोघा संचालकांना ईमेलने पाठवून कलम 175 प्रमाणे संमती घ्या. दोनच संचालक असल्याने दोघांचाही होकार लागेल. ठरावात तुमचं नाव, त्या कंपनीचं नाव, सभेची तारीख आणि "बोलण्याचा व मतदान करण्याचा अधिकार" हे स्पष्ट लिहा. काकांच्या सहीची प्रमाणित प्रत आणि स्वतःचं ओळखपत्र सोबत ठेवा. प्रत आधीच ईमेलने पाठवलेली बरी, म्हणजे दारात वाद होत नाही.

आता मतांचं गणित पाहा, तुमचं खरं बळ तिथेच आहे. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात. हात वर करून मोजलं तर प्रत्येकाचं एक मत. पाच विरुद्ध एक, ठराव मंजूर. शेअरनुसार मोजलं तर 70 विरुद्ध 30. तिसाची तिप्पट 90, म्हणजे ठराव पडतो. म्हणून हात मोजून निकाल सांगण्याआधी, किंवा सांगितल्याबरोबर, उभं राहून "पोल घ्या", म्हणजे शेअरनुसार मतं मोजा, अशी मागणी करा. कलम 109 प्रमाणे किमान 10 टक्के मताधिकार असलेल्या सभासदाची ही मागणी अध्यक्षांना मान्य करावीच लागते. फक्त त्या कंपनीची नियमावली आधी वाचा, कारण प्रायव्हेट कंपनीला प्रॉक्सी आणि पोलबाबत वेगळी तरतूद करता येते. कलम 113 ला ती सूट नाही.

तरीही अडवलं, तर ठरावाच्या प्रतीवर पोच मागा आणि बोलू दिलं नाही किंवा पोल नाकारला, हे त्याच दिवशी ईमेलने कंपनीला लेखी कळवा.