बानाखत, विसार आणि दस्तावेज

"आमच्या मोठ्या दिरांनी मांजलपूरला घराचं बानाखत केलं आणि 'घर घेतलं' म्हणून पेढे वाटले. पुण्याच्या जाऊबाई म्हणतात, साठेखत म्हणजे खरेदी नव्हे. बानाखत आणि साठेखत एकच ना? आणि बाना म्हणजे विसार, की नुसता अ‍ॅडव्हान्स?"

बानाखत आणि साठेखत एकच, आणि जाऊबाईंचं म्हणणं बरोबर आहे. आपण बडोदेकर गुजरातीच्या शेजाराने बाना, बानाखत, दस्तावेज म्हणतो. पुण्याकडे त्यालाच विसार, साठेखत, खरेदीखत म्हणतात. इंदूरकडचे नातेवाईक बयाना आणि रजिस्ट्री म्हणतील.

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 54 प्रमाणे विक्री म्हणजे किमतीच्या बदल्यात मालकी देणं, आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरजमिनीची मालकी नोंदणी केलेल्या दस्तानेच जाते. त्याच कलमात पुढे स्पष्ट म्हटलं आहे की विक्रीच्या करारामुळे त्या मालमत्तेत आपोआप कोणताही हक्क किंवा बोजा निर्माण होत नाही. म्हणून तुमच्या दिरांनी 'घराचा सौदा केला' किंवा 'घर ठरवलं' म्हणावं. 'घेतलं' हे दस्तावेज झाल्यावर. बानाखताचीही नोंदणी केली असेल तर उत्तमच, पण नोंदणीने बानाखताचा दस्तावेज होत नाही.

आता बाना. इथे आपली बोली फार सैल झाली आहे, आणि त्यात लोकांचे पैसे अडकतात. दस्तावेजाआधी दिलेल्या प्रत्येक रकमेला आपण बाना म्हणतो. खरं तर विसार ही सौदा पाळण्याच्या हमीची रक्कम. सौदा पुरा झाला तर ती किमतीत वळती होते, घेणाऱ्याने मोडला तर ती बुडू शकते. नंतर दिलेले हप्ते हे किमतीचाच भाग. त्यांना हमीचं काम नसतं.

समजा, घर 60 लाखांना ठरलं. बानाखताच्या दिवशी 2 लाख दिले, दोन महिन्यांनी आणखी 10 लाख, आणि दस्तावेजाला सहा महिन्यांची मुदत. मुदत आली तरी घेणाऱ्याचे बाकीचे 48 लाख जमले नाहीत. विकणारा म्हणतो, "बाना जप्त, बाराच्या बारा लाख माझे." करारात 2 लाख विसार म्हणून, आणि सौदा मोडल्यास जप्त, असं लिहिलं असेल आणि रक्कम किमतीच्या मानाने रास्त असेल, तर त्यांवर त्याचा दावा टिकू शकतो. 10 लाखांचं तसं नाही. ते जप्त होतील असं करारात लिहून घेतलं, तरी तेवढ्याने ते त्याचे होत नाहीत. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईपुरतंच त्याला मिळू शकतं. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या 1963 च्या निकालात असंच घडलं. किंमत 1,12,500 रुपये होती. 1,000 विसारापोटी आणि 24,000 नंतर दिलेले. सर्वोच्च न्यायालयाने विसाराचे 1,000 विक्रेत्याकडे राहू दिले, 24,000 ची सरसकट जप्ती मान्य केली नाही.

म्हणून पावतीवरचा एक शब्द नीट पाहा. पहिल्या रकमेपुढे 'बाना पेटे' लिहिलं असेल तर ठीक. पुढच्या प्रत्येक पावतीवर 'अवेज पेटे', म्हणजे आपल्या भाषेत 'किमतीपोटी', असं लिहून घ्यावं. सगळ्याच पावत्यांवर 'बाना पेटे' असेल तर कोणती रक्कम हमीची आणि कोणती किमतीची, याचा वाद तुम्हीच ओढवून घेता.

विकणाराच फिरला तर? करार मालकी देत नाही, पण करार पुरा करून मागण्याचा अधिकार देतो. दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत लावायचा. तारीख ठरली नसेल तर विक्रेत्याचा नकार कळल्यापासून तीन वर्षं. आपण पैसे घेऊन तयार होतो, हे सिद्ध करावं लागतं. त्याच दाव्यात, घर नाही तर दिलेली रक्कम परत, अशी मागणीही स्पष्ट लिहावी लागते. न मागता न्यायालय ती देत नाही. आणि घेणाऱ्याने ताबा घ्यायला विनाकारण नकार दिलेला नसेल, तर आगाऊ दिलेल्या किमतीपुरता त्या घरावर त्याचा बोजा राहतो, ही कलम 55 मधली तरतूद वकीलसुद्धा कधी कधी विसरतात.

खरा धोका तिसऱ्या माणसाचा असतो. विकणाऱ्याने तेच घर दुसऱ्याला दस्तावेज करून दिलं, आणि त्या दुसऱ्याने पूर्ण किंमत प्रामाणिकपणे, तुमच्या बानाखताची माहिती नसताना दिली, तर त्याच्याकडून घर मिळत नाही. बानाखताची नोंदणी असेल तर 'मला माहीत नव्हतं' म्हणणं त्याला अवघड जातं. तुमच्या दिरांनी ती केली आहे का, तेवढं आधी विचारा.